कामगार कपात: कोणाला काढायचं, हे साहेबांच्या मर्जीवर नाही

ऑर्डर कमी झाल्या की एमआयडीसीतल्या कारखान्यात पहिली कुजबुज सुरू होते ती 'आता कोणाचा नंबर?' याची. बऱ्याचदा नंबर लागतो तो सुपरवायझरशी तोंडाला तोंड देणाऱ्याचा, नाहीतर आजारपणात रजा घेतलेल्याचा. कायदा मात्र वेगळंच सांगतो.

नियम सोपा आहे: जो शेवटी कामाला लागला, तो आधी जाणार. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात हे कलम होतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही ते कलम ७१ मध्ये कायम आहे. मात्र ही तुलना एकाच प्रकारच्या कामातल्या लोकांची होते. वेल्डरची वेल्डरशी, पॅकिंगवाल्याची पॅकिंगवाल्याशी.

समजा, पॅकिंगला बारा जण आहेत आणि तिघांना कमी करायचंय. बाराही जणांची रुजू तारखेप्रमाणे यादी करायची आणि तळाचे तिघे निवडायचे. मालकाला तळाचा एखादा ठेवून वरच्याला काढायचं असेल, तर तेही करता येतं, पण कारण लेखी नोंदवावं लागतं. 'काम नीट नाही' एवढं पुरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९६० मध्ये स्वदेशमित्रन् खटल्यात म्हटलं होतं की, असा अपवाद करायचा तर त्याला विश्वासार्ह पुरावा हवा, आणि तो शक्यतो कामगाराच्या नोंदींतलाच हवा. म्हणजे आधीचे मेमो, गैरहजेरीचं रजिस्टर वगैरे. कपातीच्या आदल्या आठवड्यात घाईघाईने दिलेले मेमो असतील, तर संशय येणारच.

गडबड बहुतेक वेळा रुजू तारखेतच होते. जुन्या माणसाला मध्येच 'ब्रेक' दाखवून नवा केला जातो. म्हणून नेमणूक पत्र नसलं, तरी पीएफच्या सर्व्हिस हिस्ट्रीतली रुजू तारीख मोबाइलवर पाहून तिचा स्क्रीनशॉट ठेवलेला बरा. ठेकेदाराच्या नावावर असलेल्यांची अडचण मोठी आहे. त्यांची नावं सहसा कंपनीच्या यादीत धरलीच जात नाहीत.

एक वर्ष सलग नोकरी झालेल्याला कारणासह एक महिन्याची लेखी नोटीस किंवा तेवढा पगार मिळायला हवा. शिवाय दर वर्षाला पंधरा दिवसांच्या सरासरी पगाराएवढी भरपाई. रोज ६०० रुपये मिळत असतील आणि नोकरी नऊ वर्षे सात महिने झाली असेल, तर सहा महिन्यांवरचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात. म्हणजे दहा वर्षांचे ९०,००० रुपये. 'राजीनाम्यावर सही कर, हिशेब लगेच देतो' असं म्हणतात तेव्हा डाव हाच असतो. राजीनामा दिला की ती कपात राहत नाही आणि ही भरपाईही जाते.

कपातीनंतर वर्षभरात कंपनीने पुन्हा भरती काढली, तर काढलेल्या कामगारांना आधी विचारावं लागतं. हेही संहितेतच आहे, कलम ७२ मध्ये.