भरून न निघणारी पोकळी

आमच्या कंपनीत आजवर, माझ्या मोजणीप्रमाणे, १४ पोकळ्या निर्माण झाल्या. त्यांतली एकही कधी भरून निघणार नव्हती. प्रत्यक्षात प्रत्येक पोकळी महिन्या-दीड महिन्यात भरली, आणि एक तर मूळच्यापेक्षा बरी भरली. याच काळात परचेसमध्ये ज्यांचं कुणाशी कधी पटलं नाही असे तीन गृहस्थ माझ्यादेखत 'अजातशत्रू' म्हणून शाल-श्रीफळ घेऊन गेले. त्यांतल्या एकाशी माझं सहा वर्षं बोलणं नव्हतं. टाळ्या मात्र मीही वाजवल्या.

तुम्ही म्हणाल, जाणाऱ्या माणसाबद्दल चार चांगले शब्द बोलायला काय जातं? बोलणाऱ्याचं काही जात नाही, हेच तर माझं भांडण आहे. जाणाऱ्याचं जातं. अकरा वर्षं राबलेल्या माणसाच्या हातात तुम्ही जे भाषण ठेवता, ते मागच्या वर्षी डिस्पॅचच्या माणसाला दिलेलं असतं. साडी वापरलेली दिली तर आपल्याला लाज वाटते, भाषणाची वाटत नाही. अतिशयोक्ती करायलाही अंगात धमक लागते. आचार्य अत्र्यांना दहा हजार वर्षांचा हिशेब शोभायचा. आपल्याला तीन वर्षांचा स्टॉक जुळवताना घाम फुटतो.

आता कबुली. आमच्या स्टोअर्सच्या बाई राजीनामा देऊन भोसरीहून चाकणला दुसऱ्या कंपनीत निघाल्या, आणि 'तुम्हीच बोला' म्हणून भाषण माझ्या गळ्यात पडलं. मी दहा मिनिटांत लिहून काढलं. आधारस्तंभ, हसतमुख, पोकळी, सगळं जागच्या जागी. चहा घेऊन आलेल्या कॅन्टीनच्या मामांना हौसेनं वाचून दाखवलं. मामा म्हणाले, "झकास आहे साहेब. पण हे मागल्या दिवाळीला झालं ना?" मी बाईंचं नाव खोडून मनातल्या मनात दुसऱ्या चौघांची नावं घातली. चौघांनाही भाषण अगदी मापात बसलं! तेव्हाच तो कागद फाडला.

मग चौकशीला निघालो. सुरुवातीला चुकीचा प्रश्न विचारत होतो. "बाई कशा आहेत हो?" असं विचारलं की माणूस एकदम सभेत उभा राहिल्यासारखा "फार चांगल्या" म्हणतो आणि गप्प बसतो. प्रश्न बदलला. "बाईंनी तुम्हाला कधी अडवलंय?" असं विचारताच मेन्टेनन्सचे फोरमन खुर्ची ओढून बसले. शिकाऊ पोराला विचारलं, "पहिल्या महिन्यात काय गोंधळ केलास?" त्यानंही अर्धा तास घेतला. दोन दिवसांत माझ्याकडे एवढा ऐवज जमला की काय गाळावं हा प्रश्न पडला.

गाळायची एक गोष्ट बाईंनीच सांगितली. आईच्या आजारपणात त्यांनी नोकरी आणि दवाखाना कसा सांभाळला हे मला तिघांनी, तिघांनीही डोळे पुसत, सांगितलं होतं. माझ्याही तोंडाला पाणी सुटलं होतं, सभा जिंकायला याहून काय हवं! पण आधी बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "ते माझं घरचं आहे. ते नका बोलू." नाही बोललो. नव्या कंपनीचं नाव घ्यायलाही त्यांनी नको म्हटलं, चाकण म्हणायला हरकत नव्हती.

आणखी एक मोह होता. बाईंची बढती दोनदा राहिली हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि साहेब समोर बसणार होते. एक टोमणा अगदी तयार होता. पण बाईंच्या समारंभात माझं भांडण कशाला? तो टोमणा मी पुढच्या मीटिंगसाठी राखून ठेवला.

शेवटी जे बोललो ते असं:

"बाई इथे अकरा वर्षं स्टोअर्सच्या खिडकीत होत्या. साडेबारा वाजले की ती खिडकी बंद व्हायची. बारा एकतीसला आलेल्या माणसाला, मग तो मी का असेना, एक वाजेपर्यंत उभं राहावं लागायचं. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही, पण पाय माझे दुखले आहेत.

एकदा बेअरिंगची ४० खोकी आली. नंबर ६२०५, ऑर्डरप्रमाणेच. सही करून आत घ्यायला कुणीही घेतली असती. बाईंनी एक खोकं उघडलं. ऑर्डर टू-आर-एसची होती, म्हणजे दोन्ही बाजूंना रबराचं सील. आली होती झेड-झेड, पत्र्याच्या झाकणाची. पत्र्याच्या कडेला फट राहते, आणि आपल्या ग्राइंडिंगला दिवसभर कूलंट उडतं. ते आत शिरलं की ग्रीस धुऊन जातं. परचेसनं आरडाओरडा केला, बाईंनी माल परत पाठवला. फोरमन म्हणतात, ती बसवली असती तर दोन-चार महिन्यांत मशीनं खोलत बसलो असतो.

आपला हा शिकाऊ मुलगा. पहिल्याच मार्चच्या स्टॉकमोजणीत त्याच्या हिशेबात सहा नग कमी आले. पोरगा रडायचा बाकी होता. बाई त्याच्याबरोबर आठ वाजेपर्यंत एकेक स्लिप बघत बसल्या. एका स्लिपवरचा सात त्यानं बिनकार्डावर एक म्हणून उतरवला होता. बाईंनी त्याला दोन वाक्यं सुनावली आणि घरी जाताना वडापाव खायला घातला. कुणाला सांगितलं नाही. हे मला त्यानंच सांगितलं.

बाई चाकणला मोठ्या स्टोअर्सच्या प्रमुख म्हणून चालल्या आहेत. आम्हाला सोडून चालल्या असं मी म्हणणार नाही, चांगल्या कामाला चालल्या आहेत. त्यांची खिडकी सोमवारपासून हाच मुलगा सांभाळील. बाई, तो खोकं उघडून बघतो. तुम्ही शिकवलंय त्याला."

साडेतीन मिनिटं झाली. टाळ्या पोकळीच्या भाषणाला पडतात तेवढ्याच पडल्या, थोड्या उशिरानं, कारण संपलं हे लोकांना कळलं नाही. शिकाऊ पोरगा मान खाली घालून पेढ्याच्या कागदाच्या घड्या घालत होता. मग साहेब उठले. बाईंच्या जाण्यानं कंपनीत कधीही भरून न निघणारी पोकळी निर्माण झाली आहे, असं ते म्हणाले. मी वहीत १५ लिहिलं.

समारंभ संपल्यावर बाई माझ्याकडे आल्या. डोळे ओले होते, पण आवाज खिडकीतलाच.

"छान बोललात. तेवढी खोकी ४० नव्हती हं. ३६ होती. चार दुसऱ्या दिवशी आली."

मी खिशातून कागद काढला. त्यांनी आपलं पेन दिलं. तिथेच, शाल खांद्यावर असताना, उभ्या-उभ्या त्यांनी माझ्याकडून आकडा दुरुस्त करून घेतला, आणि खाडाखोडीशेजारी सही करायला लावली.