दुखणं थांबलं म्हणजे पाय सावरले, असं नाही

वसई-विरार मॅरेथॉन जवळ आली की मनवेलपाड्यातल्या पोरापोरींच्या बोलण्यात मसाज गन आणि घट्ट कॉम्प्रेशन सॉक्स येऊ लागतात. ते घेण्याआधी ते नेमकं काय करतात, हे बघायला हवं.

समजा, रविवारी 21 किलोमीटर धावलात. सोमवारी विरार स्टेशनचा जिना उतरताना मांड्या बोंबलतात, मंगळवारी आणखीच. दोष लॅक्टिक अॅसिडचा नाही, ते तासाभरात ओसरतं. स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा झालेली असते आणि ती भरायला काही दिवस लागतात.

मसाज गन एक-दोन मिनिटं फिरवली की दुखणं कमी जाणवतं, आखडलेला पाय थोडा वेळ मोकळा होतो. तंतू मात्र लगेच जुळत नाहीत. घट्ट सॉक्समुळेही दुखणं थोडं कमी होतं, पण आपण ते घातलेत हे आपल्याला माहीत असतं, त्यामुळे त्यात मनाचा वाटा किती, हे प्रयोगातही वेगळं काढणं कठीण जातं.

धोका इथेच आहे. बुधवारी बरं वाटलं म्हणून जोरात धावलात, तर न भरलेल्या स्नायूवरच ताण येतो. म्हणून आधी जिना उतरून बघा. पाय लटपटले तर नुसतं चाला, नीट जेवा, झोपा.

आणि एकाच पोटरीला सूज येऊन ती गरम लागत असेल, तर तिथे गन लावूच नका. रक्ताची गुठळी असू शकते, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.