कोवळ्या उन्हाचा हट्ट सोडा

आमच्या नांदेड-लातूरकडच्या आजी रोज दोन कप दूध पितात, सकाळी सातला कोवळ्या उन्हात बसतात, तरी हाडं ठिसूळच. मग दोष दुधाला! दोन कपांत साधारण ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. पण शरीरात ड जीवनसत्त्व कमी असेल तर आतडं त्यातलं १०-१५ टक्केच शोषतं, पुरेसं असेल तर ३०-४० टक्के. आणि त्वचेत ड तयार करणारे किरण सकाळी सातच्या उन्हात जवळपास नसतातच. हिवाळ्यात अकरानंतर हात-पाय उघडे ठेवून पंधरा-वीस मिनिटं बसा. मे महिन्यात मात्र हे धाडस नको. तेव्हा रक्त तपासून डॉक्टर देतील तेवढंच ड घ्या. दूध बाधतंय? दही खा, कॅल्शियम जवळपास तेवढंच. शिवाय धरायला कोणी जवळ ठेवून खुर्चीतून दहा वेळा उठा-बसा. हाडांवर भार पडायला हवा.