नंबर साडेसात, डोळे दोन

चष्मा घालवण्यासाठी लेझर केले आणि विमा कंपनीने दावा नाकारला, ही तक्रार नवी नाही. 2019 मध्ये विमा नियामकाने आरोग्य विम्यातल्या वगळण्यांची भाषा एकसारखी केली. त्यातले पंधरावे कलम सांगते की, साडेसात डायऑप्टरपेक्षा कमी दृष्टिदोष दुरुस्त करण्याचा खर्च मिळणार नाही. चष्म्याचा खर्चही साधारणपणे पॉलिसीबाहेरच असतो.

या कलमामागचे कारण मला पटते. विमा असतो तो कधी, कोणावर येईल हे सांगता न येणाऱ्या संकटासाठी. नंबर मात्र पॉलिसी घेण्याआधीच कागदावर लिहिलेला असतो, आणि शस्त्रक्रियेची तारीख रुग्ण स्वतः ठरवतो. उणे तीन नंबरच्या तरुणाला लेझरचे पैसे मिळणार असतील, तर तो पॉलिसी घेईल, शस्त्रक्रिया करवून घेईल आणि पुढच्या वर्षी नूतनीकरण करणार नाही. त्याचा भार पडेल तो कर्करोगासाठी किंवा हृदयविकारासाठी हप्ता भरणाऱ्यांवर. शिवाय त्याच्यासमोर स्वस्त, निर्धोक आणि तितकेच स्पष्ट दाखवणारे साधन आहे, ते म्हणजे चष्मा. मोतीबिंदूचे तसे नाही. तिथे भिंगच गढूळ होते आणि चष्मा कामाला येत नाही. म्हणून मोतीबिंदूची शस्त्रक्रिया प्रतीक्षाकाळानंतर विम्यात बसते.

वगळण्याला माझा विरोध नाही. प्रश्न आहे तो साडेसात या आकड्याचा, कारण तो फक्त नंबर मोजतो, गरज मोजत नाही.

लेझर कॉर्नियाचा थर कोरून त्याचा बाक बदलते. सहा मिलिमीटर व्यासाच्या क्षेत्रात उणे नंबरच्या प्रत्येक डायऑप्टरमागे ढोबळमानाने बारा मायक्रॉन जातात. समजा कॉर्निया 510 मायक्रॉन जाडीचा आहे आणि नंबर उणे आठ. लॅसिकमध्ये वरची पापुद्र्यासारखी झडप उचलायला 110 मायक्रॉन आणि कोरायला 96, म्हणजे 206 गेले. खाली 304 उरले. किमान 250 उरावेत हा जुना दंडक यात पाळला जातो, पण चाळीस टक्के जाडी बाधित झालेली असते. पुढे कॉर्निया फुगत जाण्याचा धोका याच हद्दीपासून वाढतो, म्हणून सावध शल्यविशारद अशा डोळ्यांसाठी बहुधा डोळ्याच्या आत बसवायच्या भिंगाचा विचार करतात. म्हणजे विम्याचे दार उघडते तेच मुळी लेझरची सुरक्षितता कमी होऊ लागते तिथे. उणे चारच्या डोळ्यावर हेच काम 48 मायक्रॉनमध्ये भागते, पण त्याला पैसे नाहीत.

याहून मोठी अडचण दोन डोळ्यांमधल्या फरकाची. एका डोळ्याचा नंबर उणे एक आणि दुसऱ्याचा उणे सहा असेल, तर चष्म्यातून दोन्ही प्रतिमा एकाच आकाराच्या दिसत नाहीत. वाचताना नजर काचेच्या मध्यापासून एक सेंटिमीटर खाली गेली, की त्या वेगवेगळ्या उंचीवर सरकतात. डोके दुखते, एकाचे दोन दिसतात, आणि शेवटी माणूस एका डोळ्याचा वापरच सोडून देतो. त्याला चष्मा पुरत नाही. कॉन्टॅक्ट लेन्स चालते, पण कोरड्या डोळ्यांमुळे तीही सोसत नसेल तर काय? तिथे शस्त्रक्रिया सोयीसाठी नसून उपचार ठरते. (कोरडे डोळे लेझरलाही अडचणीचेच, त्यामुळे अशा रुग्णाची आधी पूर्ण तपासणी हवी.) तरीही कलमाच्या मोजमापात हा माणूस नाकारलाच जातो, कारण सहा हा आकडा साडेसातहून लहान आहे.

तिरकस नंबरचा घोळही आहेच. उणे साडेसहा गोल आणि उणे दोन तिरकस असेल, तर मोजायचे कसे? सरासरीने साडेसात होतात, सर्वात तीव्र अक्षावर साडेआठ, नुसत्या गोल नंबरने साडेसहा. कलम यावर काही बोलत नाही.

चष्म्याचा प्रश्न मात्र विम्याने सुटणारा नाही. आसामच्या चहामळ्यांतल्या मजुरांवर झालेला एक अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. जवळचे दिसण्यासाठी साधा चष्मा मिळालेल्यांची पाने खुडण्याची उत्पादकता चष्मा न मिळालेल्यांपेक्षा वीस टक्क्यांहून अधिक वाढली. असा स्वस्त चष्मा दाव्याच्या अर्जातून मागायचा नसतो. तो शाळेत आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात थेट हातात पडला पाहिजे.

नियामकाने पंधरावे कलम काढू नये, फक्त सुधारावे. तिरकस नंबर कसा धरायचा ते लिहावे, आणि दोन डोळ्यांतल्या मोठ्या फरकामुळे चष्मा व लेन्स दोन्ही निकामी ठरल्याचे नेत्रतज्ज्ञाने नोंदवले असेल तर आकडा न पाहता दावा स्वीकारावा. तोवर ज्यांचा नंबर सीमेवर आहे, त्यांनी शस्त्रक्रियेची तारीख घेण्यापूर्वी नंबरचा कागद जोडून विमा कंपनीकडून लेखी उत्तर मागावे.