आपाच्या घड्याळातल्या पाच महिन्यांच्या रात्री

धुळ्याच्या आमच्या आपांना थायरॉईडचा त्रास जुना आहे. 2025 च्या जानेवारीत, 20 तारखेला त्यांच्या गोळीचा डोस वाढवला गेला. फेब्रुवारी निम्मा सरतो न सरतो तोच रात्री छाती धडधडते, मध्येच झोप उडते, अशी तक्रार सुरू झाली. सहा आठवड्यांनी रक्त तपासायचे होते, पण 2 मार्चला रमजान लागला आणि तपासणी "ईदनंतर बघू" वर गेली. जळगावच्या डॉक्टरांना आम्ही फोनवर विचारले, तेव्हा ते म्हणाले, "त्यांच्या हातात घड्याळ आहे ना? डोस वाढवायच्या आधीची आणि नंतरची रात्रीची नाडी एका कागदावर आणा. मोबाईलचे फोटो नकोत."

फोटोंचे त्यांनी मुद्दाम सांगितले, कारण आपांनी आधीच ॲपमधल्या आलेखांचे चाळीसेक स्क्रीनशॉट व्हॉट्सॲपवर पाठवले होते. त्यातून कोणालाच काही कळत नव्हते.

शाळेचे निकालपत्रक आम्ही एक्सेलमध्येच करतो, म्हणून हे काम आमच्याकडे आले. भाच्याने पुण्याहून आणलेले ते घड्याळ सॅमसंगचे. ॲपमध्ये Samsung Health च्या सेटिंग्जमध्ये अगदी खाली `Download personal data` असे लिहिलेले असते. ते दाबून पासवर्ड दिला की मोबाईलच्या `Download` मध्ये `Samsung Health` नावाचा फोल्डर तयार होतो. आत डझनावारी फायली असतात. आम्हाला हव्या होत्या दोनच. एकीच्या नावात `heart_rate` येते, दुसरीच्या नावात `sleep`. एक सांगून ठेवतो, हा सगळा फोल्डर घरच्या ग्रुपवर टाकू नका. त्यात वजनापासून पाळीच्या नोंदीपर्यंत जे जे ॲपमध्ये भरले असेल ते सगळे असते.

नाडीची फाईल उघडली आणि पहिलाच धक्का बसला. वेळेच्या रकान्यात `25:00.0`, `40:00.0` असले काहीतरी. आम्हाला वाटले फाईलच खराब झाली. पण आकडा आत पूर्ण असतो, एक्सेल फक्त मिनिटे-सेकंद दाखवते. रकाना निवडून त्याचा फॉरमॅट `yyyy-mm-dd hh:mm` केला की तारीख आणि वेळ नीट दिसते. शिवाय सर्वांत वरची ओळ रकान्यांच्या नावांची नसते, ती फाईलची स्वतःची ओळख असते. ती काढून टाकली.

मग रात्रीची नाडी काढली. रात्री एक ते तीन या वेळेतल्या नोंदींची सरासरी आली डिसेंबरात 84 आणि फेब्रुवारीत 91. झोपलेल्या बाईची नाडी 84? आम्ही घाबरून डॉक्टरांना फोन लावणारच होतो. तेवढ्यात भाचीने झोपेची फाईल उघडली आणि हसायला लागली, "मामू, अम्मी रोज मगरिबच्या वेळेला झोपतात आणि रात्री पावणेबाराला उठतात म्हणे!"

चूक फाईलची नव्हती, आमची होती. वेळा जागतिक घड्याळाच्या, म्हणजे UTC च्या होत्या आणि आपली वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे असते. फाईलमध्ये `time_offset` नावाचा रकाना असतो, त्यात स्पष्ट `UTC+0530` लिहिलेले होते. आम्ही तो नको म्हणून लपवला होता. 18:10 ला सुरू झालेली झोप खरे तर रात्री 11:40 ची, आणि 23:45 ची जाग पहाटे सव्वापाचची. आम्ही "रात्री एक ते तीन" म्हणून जे उचलले ते सकाळचे साडेसहा ते साडेआठ होते. तेव्हा आपा भाकरी थापत असतात, पाणी भरत असतात. 84 येणारच. हाच कागद डॉक्टरांपुढे गेला असता तर काय झाले असते, हा विचार आजही नको वाटतो.

दुरुस्ती सोपी आहे. A रकान्यात मूळ वेळ, B मध्ये नाडी, आणि C मध्ये हे सूत्र शेवटपर्यंत ओढायचे:

```
=A2+TIME(5,30,0)
```

घरचे कोणी मधल्या काळात उमऱ्याला जाऊन आले असेल तर त्या दिवसांच्या ओळीत `UTC+0300` सापडेल. तिथे साडेपाच नव्हे, तीन तास मिळवायचे.

नंतर E रकान्यात रोजच्या तारखा लिहिल्या आणि शेजारी त्या रात्रीची सरासरी:

```
=IFERROR(AVERAGEIFS(B:B,C:C,">="&E2+TIME(1,0,0),C:C,"<"&E2+TIME(3,0,0)),"")
```

एक ते तीन हीच वेळ घेण्याचे कारण सहरी. रमजानात आपा चारला उठतात, तरावीहमुळे झोपतातही उशिरा. एक ते तीन मात्र बाराही महिने झोपेचीच वेळ. ज्या रात्री घड्याळ चार्जिंगला होते ती जागा सूत्र कोरी ठेवते. तिथे शून्य भरले तर सरासरी उगीच खाली येते.

आता आकडे बोलू लागले. 1 डिसेंबर ते 19 जानेवारी रात्रीची सरासरी 63. डोस वाढल्यावर पहिल्या आठवड्यात 64, दुसऱ्यात 66, चौथ्यात 71, आणि मार्चभर 72 च्या आसपास. एकदम उडी नव्हती, हळूहळू चढण होती. डॉक्टरांना तेच महत्त्वाचे वाटले. ही गोळी अंगात सावकाश साठत जाते, पूर्ण परिणाम दिसायला पाच-सहा आठवडे लागतात. ताप किंवा एखाद्या दिवसाची काळजी अशी चढण दाखवत नाही, असे ते म्हणाले.

झोपेच्या फाईलमध्ये मार्च आम्ही वेगळाच ठेवला. रमजानात एकाच तारखेला दोन ओळी येतात, सहरीआधीची झोप आणि फज्रनंतरची. त्या महिन्यातली कमी झोप गोळीच्या नावावर लावणे बरोबर नव्हते. म्हणून तुलना डिसेंबर-जानेवारीची फेब्रुवारीशी केली. सहा तास वीस मिनिटांवरून पाच तास पंचवीस.

ॲप गाढ झोप, हलकी झोप असे भागही दाखवते. आम्ही त्याचाही एक रंगीत तक्ता केला होता. डॉक्टरांनी तो हळूच बाजूला ठेवला. घड्याळ मनगटावर हिरवा उजेड टाकून रक्ताचे ठोके मोजते, मेंदूत काय चालले आहे ते त्याला दिसत नाही. गाढ झोप हा त्याचा अंदाज असतो. आणि धडधडीत ठोका चुकतो की काय, हे नाडीच्या सरासरीत कळत नाही, म्हणून त्यांनी तिथेच ईसीजी काढला. तो नीट निघाला, अल्हम्दुलिल्लाह. रक्तात टीएसएच फार खाली गेलेले होते. डोस कमी झाला.

कागदावर शेवटी फक्त एक आलेख, 20 जानेवारीला एक उभी रेघ आणि चार आकडे होते. डॉक्टरांनी तो पाहायला मिनिटभर घेतला असेल. आम्हाला तीन संध्याकाळी लागल्या होत्या, त्यातली एक साडेपाच तासांच्या चुकीत गेली.

जूनमध्ये पुन्हा तेच सूत्र चालवले. रात्रीची नाडी 65 वर आलेली. आपांना फोनवर सांगितले तर म्हणाल्या, "ते मला घड्याळाआधीच कळलं होतं रे. आता सकाळची अजान झाल्यावरच डोळे उघडतात."