लिंक टाकली, नंबर दिला. पण जागा ठेवली का?

नांदेड-लातूरकडे आरोग्य शिबिर ठरलं की आपल्या ग्रुपवर आधी लिंक पडते. साधा फोन असलेल्यांचं काय, असं विचारलं तर उत्तर तयार असतं: "एक नंबर देऊ, व्हॉइस मेन्यू लावू." माझं भांडण या उत्तराशीच आहे.

गॅस सिलिंडर फोनवर बुक होतो, मग हे का नाही, असं मित्र म्हणतात. पण गॅसवाल्याकडे तुमचा नंबर आधीच ग्राहक म्हणून नोंदलेला असतो. यंत्राला फक्त 'हो' ऐकायचं असतं. शिबिरात माणूस नवा असतो. त्याचं नाव, गाव, दुखणं बटणांनी सांगता येत नाही. म्हणून मेन्यूत दोनच प्रश्न ठेवा, भाषा कोणती आणि वेळ हवी की रद्द करायची. आधी काम सांगा, मग आकडा: "वेळ हवी असेल तर एक दाबा." आकडा आधी सांगितला तर फोन कानावरून खाली येईपर्यंत तो विसरलेला असतो. बॅलन्स नसलेल्यांसाठी मिस्ड कॉल पुरे, उलट फोन आपण करायचा.

मग कार्यकर्ता नोंद करतो, आणि खरी गडबड इथेच होते. आपल्याकडे 'शेख रहीम' म्हणतात, आधारवर 'रहीम शेख' असतं, इंग्रजी स्पेलिंग तिसरंच. म्हणून कार्ड हातात घेऊन अक्षरं वाचायला सांगा, घरातल्या शिकलेल्या पोराला फोनवर घ्या, आणि लिहिलेलं परत वाचून दाखवा. ओटीपी मात्र मागूच नका. आज तुम्ही मागितला, तर उद्या ठग मागेल तेव्हा आजी त्यालाही देतील. त्यापेक्षा तोंडी टोकन नंबर द्या.

एवढं सगळं नीट केलं तरी मुख्य सवाल उरतोच. २८ एप्रिल २०२१ला १८ ते ४४ वयाच्यांसाठी कोविन पोर्टलवर लसीची नोंदणी सुरू झाली, तीही फक्त ऑनलाइन. जागा काही मिनिटांत संपायच्या. सरकारी केंद्रावर जाऊन नोंदणीची मुभा २४ मे रोजी आली, आणि ३१ मेच्या आदेशात सुप्रीम कोर्टाने या डिजिटल दरीवर बोट ठेवलं. मदतीला बसलेला कार्यकर्ताही त्याच रांगेत, त्याच पोर्टलवर धावत होता. त्यात एका मोबाइलवर तेव्हा चारच नावं बसायची. स्वतःच्या नंबरवर चौघांना नोंदवलं की त्याचा नंबर संपला, आणि त्यांच्या प्रमाणपत्रांचा ओटीपीही त्याच्याच फोनवर.

तेव्हा हिशेब असा करा. पन्नास जागा असतील तर पंधरा फोनसाठी बाजूला काढा आणि लिंकवर पस्तीसच दाखवा. आदल्या संध्याकाळी सहापर्यंत उरल्या तर त्या लिंकला द्या, आधी नाही. कुणी म्हणेल, जागा वाया जातील. जाऊ द्या एखाद-दुसरी! आणि नंतर अहवालात नुसत्या नोंदी मोजू नका. मिस्ड कॉल किती आले आणि त्यातले किती जण शिबिरात पोचले, हे दोन आकडे शेजारी लिहा.