‘७ दिवस मोफत’... आणि आठव्या दिवशी?

‘७ दिवस मोफत, आजच सुरू करा!’ ऑनलाइन योगवर्गाचा असा मेसेज व्हॉट्सॲपवर आला की आपण लिंक उघडतो. पुढच्याच स्क्रीनवर ऑटोपेची परवानगी मागितली जाते. फुकट आहे, तर यूपीआय पिन कशाला?

शंका रास्त आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी १३ ‘डार्क पॅटर्न’ जाहीर केले. त्यातला एक ‘सबस्क्रिप्शन ट्रॅप’. मोफत सेवेसाठी ऑटो डेबिटची परवानगी द्यायला भाग पाडणं त्यातच येतं, आणि रद्द करण्याचा पर्याय लपवणंही. पैसे कापण्याच्या २४ तास आधी सूचना द्यावी लागते, हे खरं. पण तो एसएमएस वाचतो कोण?

मग वर्ग चालवणाऱ्याने लिहायचं कसं? समजा, असं:

‘सोमवार ते रविवार सकाळी ६.३० चा वर्ग मोफत. कार्ड किंवा यूपीआय लागणार नाही. रविवारी रात्री तुमचा प्रवेश आपोआप बंद होईल. पुढे यायचं असेल, तर महिन्याला ८०० रुपये, तेव्हाच भरा. मेसेज नको असतील, तर ‘नको’ एवढंच कळवा.’

यात ‘अटी लागू’ नाही. काहीच केलं नाही तर काय होईल, याचं उत्तर मात्र आहे. विसरल्यामुळे टिकणारे ग्राहक यात गमवावे लागतात. पण पैसे कापले गेल्यावर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन लावणारेही बहुधा तेच असतात. आणि हो, कुणी ‘नको’ लिहिलं तर ‘का?’ विचारू नका.